किल्ली कुंडीखाली : घरातल्या पासवर्डच्या पाच सवयी



मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाने एक व्हिडिओ तयार केला. आठ मिनिटांचा, एका मोबाइलवर काढलेला. त्यात पाच प्रसंग आहेत. प्रत्येक प्रसंगात घरातल्या कुणीतरी केलेली पासवर्डची एक चूक आहे आणि तिच्या जागी लावायची एक सवय आहे. चुका बाहेर शोधायला जावं लागलं नाही, सगळ्या आमच्याच घरांत सापडल्या. व्हिडिओ करताना एक चूक तर आम्ही कॅमेऱ्यासमोरच केली, ती पुढे सांगते. रेडिओवर चित्र दिसत नाही, म्हणून आज हे पाच प्रसंग बोलून दाखवते.

पहिला प्रसंग : एक किल्ली, सगळी कुलपं

ही चूक माझ्या जाऊबाईंची. त्यांचा पासवर्ड होता मुलीचं नाव आणि जन्मसाल, `Swara@2014` अशासारखा. तोच ईमेलला, तोच फेसबुकला, तोच खरेदीच्या सगळ्या ॲपना. तीन वर्षांपूर्वी त्यांनी एका छोट्या ऑनलाइन दुकानातून दोन कुर्ते मागवले होते. तिथे खातं उघडताना ईमेलचा पत्ता घातला आणि सवयीने तोच पासवर्ड टाकला. कुर्ते आले, वापरले, विटलेसुद्धा. खातं मात्र त्या दुकानाच्या यादीत तसंच राहिलं.

पुढे त्या दुकानाच्या ग्राहकांची यादी चोरीला गेली. चोराला कुर्त्यांशी काही देणंघेणं नसतं. त्याच्या हाती ईमेल आणि पासवर्ड अशी जोडी लागते, आणि ती जोडी तो जीमेलला, फेसबुकला, मोठ्या दुकानांना लावून बघतो. हे काम यंत्र करतं, एकेका माणसाकडे कुणी बघत बसत नाही. जाऊबाईंची जोडी जीमेलला लागली आणि दार उघडलं.

आता ईमेल उघडलं म्हणजे काय झालं, हे नीट समजून घेऊ. आपण कुठलाही पासवर्ड विसरलो की ‘पासवर्ड विसरलात?’ यावर बोट ठेवतो. नवा पासवर्ड करायची लिंक बहुतेक वेळा ईमेलवर येते. म्हणजे ज्याच्या हाती ईमेल, तो बाकीची खाती एकेक करून मागून घेऊ शकतो. चोराने आधी ईमेलचा पासवर्ड बदलला, मग फेसबुकचा मागवला. सकाळी जाऊबाईंच्या माहेरच्या लोकांना निरोप गेले, ‘दवाखान्यात आहे, तातडीने पाच हजार पाठव.’ त्यांच्या मावसबहिणीने पाठवलेसुद्धा.

वाईट याचं वाटतं की सूचना आली होती. रात्री साडेअकराला फोनवर ‘नव्या उपकरणावरून साइन इन’ असा निरोप होता. जाऊबाईंना वाटलं, असले निरोप येतच असतात. असा निरोप आला आणि आपण कुठे नव्याने लॉगिन केलेलं नसलं, तर त्याच क्षणी उठायचं. निरोपातल्या लिंकवर जायचं नाही, कारण तसे खोटे निरोपही येतात. आपल्या फोनच्या सेटिंगमधून गूगलच्या खात्यात जायचं आणि पासवर्ड बदलायचा. त्या रात्री दोन मिनिटांचं काम होतं.

सवय पहिली : ईमेलचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरायचा नाही. बाकीचे पासवर्ड उद्या बदलले तरी चालतील, हा आज बदला. आपला ईमेल पत्ता अशा चोरलेल्या याद्यांमध्ये आहे का, हे `haveibeenpwned.com` या ठिकाणी बघता येतं. तिथे फक्त ईमेल पत्ता घालायचा. आमच्या गटातल्या बायकांचे पत्ते घालून बघितले, तेव्हा जाऊबाईंचा आणि आणखी चौघींचा त्यात निघाला.

दुसरा प्रसंग : नाव आणि जन्मसाल

व्हिडिओत इथे माझ्या नणंदेची मुलगी चोर झाली आहे. तिला आम्ही पाच घरांची फक्त व्हॉट्सॲपवरची स्टेटस दाखवली आणि म्हटलं, पासवर्ड ओळख. केकवर मुलाचं नाव होतं, मेणबत्ती दहाची होती. दोन घरांचे पासवर्ड तिने चहा होईपर्यंत ओळखले.

`Swara@2014` मध्ये मोठं अक्षर आहे, लहान आहे, आकडा आहे, चिन्ह आहे. खातं उघडताना विचारतात ते सगळं आहे. तरी तो कच्चा, कारण असा पासवर्ड सगळेच करतात आणि चोराला ते ठाऊक असतं. समजा दोन हजार नावं, पन्नास सालं आणि मधलं चिन्ह पाच प्रकारचं. गुणाकार होतो पाच लाख. आपल्याला तो मोठा वाटतो, यंत्राला तो क्षणभराचाही नाही.

मग काय करायचं? आम्ही भिशीची युक्ती वापरली. दहा जणींनी प्रत्येकी वीस साधे शब्द वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहून आणले, इंग्रजी अक्षरांत. घरातल्या, शेतातल्या, बाजारातल्या वस्तूंची नावं. दोनशे चिठ्ठ्या डब्यात घातल्या. एक काढायची, शब्द टिपून घ्यायचा, चिठ्ठी परत टाकून डबा हलवायचा, असं पाच वेळा. एका फेरीत निघाले हंडा, सुपारी, रिक्षा, गोधडी, पाऊस. त्यांचा पासवर्ड झाला:

```
handa-supari-riksha-godhadi-paus
```

दोनशे चिठ्ठ्यांतून पाच वेळा काढलं तर बत्तीस हजार कोटी वेगवेगळे पासवर्ड होऊ शकतात. शिवाय आपल्या डब्यात कुठले शब्द होते, हेही चोराला माहीत नसतं. आणि लक्षात ठेवायला बघा किती सोपं! हंड्यात सुपारी, सुपारी रिक्षात, रिक्षात गोधडी, गोधडीवर पाऊस. माझ्या सासूबाईंना दुसऱ्या दिवशीही आठवत होतं. अर्थात हा पासवर्ड मी आता रेडिओवर सांगितला, म्हणजे तो बाद झाला. तुम्ही तुमच्या चिठ्ठ्या काढा.

चिठ्ठी काढायचीच. ‘मी मनानेच पाच शब्द घेते’ म्हटलं की देवाचं नाव, फुलाचं नाव आणि गावाचं नाव येतं. आलेले शब्द आवडले नाहीत म्हणून परत काढायचे नाहीत.

इथे दोन अडचणी येतात. मराठी शब्द इंग्रजीत लिहिताना एकच जण आज `paus` लिहितो आणि उद्या `paoos`. म्हणून चिठ्ठीवर जे स्पेलिंग आहे तेच पक्कं धरायचं. दुसरी अडचण, काही ठिकाणी मोठं अक्षर आणि आकडा मागतात. तिथे पहिलं अक्षर मोठं करा आणि शेवटी एक आकडा लावा. पासवर्डचं बळ शब्दांत आहे, हा आकडा फक्त नियमापुरता.

सासऱ्यांची एक चूकही इथे घेतली. ते दर महिन्याला पासवर्ड बदलत आणि शेवटचा आकडा एकाने वाढवत. एकचं दोन, दोनचं तीन. पूर्वी कार्यालयांतून असं बदलायला सांगत. पण माणसं वैतागून नेमका असाच एकेक आकडा वाढवतात, आणि त्यातून काही निष्पन्न होत नाही. अमेरिकेच्या मानक संस्थेने २०१७ साली आपल्या नियमांतून हा ठरावीक मुदतीचा बदल काढून टाकला. चांगला पासवर्ड असेल आणि तो फुटल्याची शंका नसेल, तर राहू द्यावा. शंका आली की मात्र लगेच आणि पूर्ण बदलावा.

सवय दुसरी : पासवर्ड चिठ्ठ्या काढून, पाच शब्दांचा.

तिसरा प्रसंग : फोटो, स्टेटस आणि वही

माझ्या मुलाने वायफायचा, ईमेलचा आणि वीजबिलाचा असे सगळे पासवर्ड एका कागदावर लिहून त्याचा फोटो गॅलरीत ठेवला होता. एकदा शाळेच्या ग्रुपवर अभ्यासाचा फोटो पाठवताना हाही गेला. चाळीस पालकांपर्यंत.

आणि आता आमची कॅमेऱ्यासमोरची चूक. हा प्रसंग काढताना ‘असं वहीत लिहा’ म्हणून मैत्रिणीने तिची स्वतःची वही उघडून दाखवली. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ मोठ्या पडद्यावर लावला, तर तिचा खरा पासवर्ड स्वच्छ वाचता येत होता. ते चित्रण पुसलं, तिने पासवर्ड बदलला आणि प्रसंग कोऱ्या वहीवर पुन्हा काढला.

तर लिहायचं की नाही? लिहा. ‘पासवर्ड कुठेच लिहू नका’ असं आपण ऐकत आलो, आणि म्हणूनच सगळीकडे एकच सोपा पासवर्ड ठेवत आलो. इंटरनेटवरचा चोर तुमच्या कपाटापर्यंत पोचत नाही. एक साधी वही घ्या. ईमेलचा पासवर्ड आणि पुढच्या प्रसंगात येतील ती कोडं त्यात लिहा, आणि रेशनकार्ड, दागिन्यांच्या पावत्या ठेवता तिथे ठेवा. एटीएमचा आणि यूपीआयचा पिन मात्र त्यात लिहायचा नाही. ते आकडे थोडे असतात, ते डोक्यात.

एक गोष्ट हळूच सांगते. प्रत्येकीच्या घरातलं कपाट तिला सुरक्षित असतंच असं नाही. घरातलंच कुणी आपला फोन तपासत असेल, आपले पैसे काढत असेल, तर ही वही त्या घरात ठेवू नये. माहेरी, किंवा विश्वासाच्या मैत्रिणीकडे बंद पाकिटात ठेवावी.

बाकीच्या पंधरा-वीस खात्यांचं काय? ते फोनला सांभाळू द्या. नवं खातं उघडताना फोन स्वतःच एक लांबलचक पासवर्ड सुचवतो आणि जपून ठेवतो. त्याला हो म्हणा. म्हणजे तुम्हाला लक्षात ठेवायचं उरतं ते ईमेलचा पासवर्ड आणि फोनचं कुलूप. ते कुलूप सहा आकड्यांचं ठेवा, त्यात जन्मतारीख नको.

याचा आणखी एक उपयोग आहे. फोनने जपलेला पासवर्ड तो फक्त खऱ्याच पत्त्यावर भरतो. बँकेसारखं दिसणारं पान समोर आलं आणि नेहमी आपोआप भरला जाणारा पासवर्ड आज भरला गेला नाही, तर हाताने टाकायची घाई करू नका. पान खोटं असण्याची शक्यता मोठी असते.

सवय तिसरी : ईमेलचा पासवर्ड वहीत, बाकीचे फोनमध्ये, फोटोत एकही नाही.

चौथा प्रसंग : खातं माझं, नंबर दुसऱ्याचा

आपल्यापैकी किती जणींचं जीमेल स्वतः उघडलेलं आहे? फोन घेतला त्या दिवशी दुकानातल्या मुलाने उघडून दिलं, नाहीतर भाच्याने. पासवर्ड त्यानेच ठरवला आणि ‘खातं परत मिळवण्यासाठी’ म्हणून मोबाइल नंबरही त्याचाच घातला. वर्षानुवर्षं काही अडत नाही. मग फोन बिघडतो, कुणीतरी तो पूर्ण पुसून पुन्हा चालू करतं, आणि फोन विचारतो, ‘आधीच्या गूगल खात्याने साइन इन करा.’ चोरलेला फोन चोराला वापरता येऊ नये म्हणून केलेली ही सोय आहे, पण आपलाच फोन आपल्यालाच उघडत नाही. आमच्या शेजारच्या काकूंच्या नातीचे बारशापासूनचे फोटो याच पायी गेले.

जाऊबाईंचंही इथेच अडलं. पासवर्ड चोराने बदलला होता आणि खात्याला जोडलेला नंबर पुतण्याचा होता. नशीब की सुरतेला नोकरीला गेला तरी त्याने नंबर बदलला नव्हता, आणि चोराने तो अजून काढला नव्हता. आम्ही `accounts.google.com/signin/recovery` इथे गेलो, तेही जाऊबाईंच्याच फोनवरून आणि त्यांच्याच घरून, कारण नेहमीचा फोन आणि नेहमीची जागा असली की गूगलला ओळख पटायला मदत होते. शेवटचा आठवणारा पासवर्ड घातला. पुतण्याला फोन लावून त्याच्याकडे आलेलं कोड विचारलं. संध्याकाळपर्यंत खातं परत मिळालं.

पुतण्याचा नंबर बंद पडला असता तर? वापरात नसलेला नंबर कंपनी बंद करते आणि त्यानंतर किमान ९० दिवसांनी तो दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. मग तुमच्या ईमेलचं कोड कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या फोनवर वाजेल.

म्हणून आज एवढं करा. `myaccount.google.com` उघडा. तिथे ‘सिक्युरिटी’ या भागात ‘रिकव्हरी फोन’ असं लिहिलेलं असतं. त्यात तुमच्याच हातातला नंबर आहे का बघा. खाली ‘युअर डिव्हायसेस’ मध्ये तुमचं खातं कुठल्या कुठल्या फोनवर उघडं आहे ते दिसतं. दुकानातला, सायबर कॅफेतला, जुना विकलेला फोन दिसला तर तिथून ‘साइन आउट’ करा. तिथेच ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ आहे, म्हणजे दुसरं कुलूप. ते चालू केलं की पासवर्ड बरोबर असला तरी नव्या फोनवर खातं उघडताना आपल्या फोनवर विचारणा होते. जाऊबाईंकडे हे चालू असतं, तर कुर्त्याच्या दुकानातला पासवर्ड चोराच्या काही कामाचा नव्हता.

या दुसऱ्या कुलपाची एक मेख आहे. फोनच हरवला तर विचारणा कुठे होणार? त्यासाठी ‘बॅकअप कोड्स’ मिळतात, आठ आकड्यांची दहा कोडं, प्रत्येक एकदाच चालणारं. ती आपल्या वहीत लिहून घ्या.

सवय चौथी : खात्याला नंबर स्वतःचा, दुसरं कुलूप चालू, कोडं वहीत.

पाचवा प्रसंग : कोड कुणाला सांगायचं?

आत्याबाईंनी जुना मिक्सर विकायला काढला होता. एकाने फोन केला, भाव न करता घेतो म्हणाला. ‘पैसे पाठवतोय, आलेली विनंती उघडून पिन टाका म्हणजे जमा होतील.’ आत्याबाईंनी पिन टाकला आणि अडीच हजार गेले. पिन म्हणजे पैसे देण्याची सही. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.

तुम्ही विचाराल, मघाशी पुतण्याने कोड फोनवर सांगितलंच की! फरक एवढाच, की फोन आम्ही लावला होता, आमच्या माहितीच्या नंबरवर, आम्ही सुरू केलेल्या कामासाठी. समोरून फोन करून जो कोड मागतो तो बँकेचा असो, वीज कंपनीचा असो की नातेवाईक म्हणवणारा, त्याला द्यायचं नाही. आम्ही घरी नियम केला आहे, कोड मागणारा फोन आला की ठेवून द्यायचा आणि त्या माणसाला आपल्याकडच्या नंबरवर आपण लावायचा. दहा वर्षांच्या मुलालाही तो पाळता येतो.

सवय पाचवी : समोरून मागितलेलं कोड द्यायचं नाही, फोन आपण लावायचा.

पैसे गेलेच, तर रडण्याआधी १९३० हा नंबर लावायचा, आणि आपल्या बँकेलाही लगेच कळवायचं. तक्रार `cybercrime.gov.in` इथेही करता येते. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त. मावसबहिणीने चार दिवस लाजेपायी कुणाला सांगितलं नाही. तिचे पाच हजार परत आले नाहीत. आत्याबाईंनी वीस मिनिटांत फोन केला, त्यांचे अडीच हजार अडवले गेले आणि पुढे खात्यात परत जमा झाले.

जाऊबाईंनी व्हिडिओत स्वतःची चूक स्वतःच केली आहे, दुसऱ्या कुणाला करू दिली नाही. शेवटी त्या वही कपाटात ठेवतात आणि कुंडीखालची किल्ली काढून घेतात, असं दाखवलं आहे. किल्लीचं आम्ही उगाच सुचलं म्हणून घातलं होतं. पण नंतर त्यांच्याकडे गेले, तर कुंडीखाली खरंच किल्ली नव्हती.

नमस्कार.